‘९५ टक्के कव्हरेज’ म्हणजे नेमकं किती डीबी? शॅडोइंगसाठी फेड मार्जिन ठरवायची रीत

लिंक बजेट म्हणजे टॉवरपासून मोबाइलपर्यंत सिग्नलच्या जमाखर्चाचा हिशेब. त्याच्या शीटमध्ये एक ओळ असते, फेड मार्जिन, म्हणजे मधे काही आडवं आल्याने सिग्नल सरासरीच्या खाली जातो त्यासाठी राखून ठेवलेले डीबी. बहुतेक शीटमध्ये तिथे आधीच ८ किंवा १० लिहिलेलं असतं, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठल्या भागासाठी लिहिलं काहीच माहीत नसतं आणि तोच आकडा लातूर शहराला पण चालवतात, परभणीच्या सपाट गोदावरी पट्ट्याला पण आणि धारूरच्या घाटाला पण. मग साइट उभी राहते, गावातून तक्रारी येतात आणि सगळे अँटेनाचा टिल्ट बदलत बसतात. बऱ्याचदा गडबड टिल्टमध्ये नसतेच, ती त्या एका ओळीत असते. म्हणून हा आकडा शून्यापासून कसा काढायचा ते इथे क्रमाने लिहितोय, आणि क्रम खरंच महत्त्वाचा आहे, कारण पहिला टप्पा चुकला की पुढचं गणित कितीही बरोबर केलं तरी उत्तर चुकीच्या प्रश्नाचं येतं.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा बालाघाटच्या पठारावर, केज आणि अंबाजोगाईच्या मधल्या पट्ट्यात ९०० मेगाहर्ट्झची एलटीई साइट टाकायची आहे, आजूबाजूला ज्वारी, तूर, ऊस, मधे मधे गावठाणं. टार्गेट दिलंय ‘घरात ९५ टक्के कव्हरेज’. आकडे उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या भागाचे तुम्हीच मोजायचे.

## आधी काय हाताशी पाहिजे

पाच गोष्टी नसतील तर शीट उघडूच नका. टार्गेटचं नेमकं वाक्य, जसं लिहून आलंय तसं. मोबाइलला किमान किती आरएसआरपी लागतो, म्हणजे एका सबकॅरिअरवर किती ताकदीचा सिग्नल लागतो, तो थ्रेशोल्ड. त्याच भागातल्या ड्राइव्ह टेस्टचा, म्हणजे गाडीतून फिरत मोजलेल्या सिग्नलचा कच्चा डेटा. त्या डेटावर बसवलेलं पाथ लॉस मॉडेल, म्हणजे अंतराप्रमाणे सिग्नल किती कमी होतो ते सांगणारा फॉर्म्युला. आणि घराच्या भिंतीतून सिग्नल जाताना होणाऱ्या लॉसची सरासरी आणि त्याचा पसारा, दोन्ही.

शेवटचं लोक अर्धंच आणतात. ‘घराचा लॉस १२ डीबी’ एवढंच सांगतात. पण पत्र्याचं घर, विटांचं घर, जुना दगडमातीचा वाडा आणि नवीन स्लॅबचं घर यांच्यात फरक असतो, आणि तो फरक पुढे मार्जिनमध्ये शिरतो.

## १. टार्गेट कशाचं आहे ते आधी ठरवा, एजचं का एरियाचं

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ‘९५ टक्के कव्हरेज’ या शब्दांचे दोन वेगळे अर्थ निघतात.

पहिला अर्थ, सेलच्या अगदी काठावर उभ्या माणसाला थ्रेशोल्डच्या वर सिग्नल मिळायची शक्यता ९५ टक्के. हे एज प्रोबॅबिलिटी.

दुसरा अर्थ, पूर्ण सेलचं जेवढं क्षेत्र आहे त्यातल्या ९५ टक्के जागी सिग्नल मिळतो. हे एरिया प्रोबॅबिलिटी. साइटच्या जवळ सिग्नल भरपूर असतो, तिथे जवळपास शंभर टक्के मिळतं, म्हणून काठावर ८६-८७ टक्केच असलं तरी एकूण सरासरी ९५ ला पोचते.

आपल्या उदाहरणात पहिल्या अर्थाने मार्जिन १४ डीबी येतं आणि दुसऱ्या अर्थाने ९.४ डीबी, ते कसं ते पुढे काढूच. पण ४.६ डीबीचा हा फरक जमिनीवर किती पडतो बघा: त्रिज्या साधारण ३५ टक्क्यांनी बदलते आणि क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट. म्हणजे एका वाक्याचा अर्थ चुकीचा लावला तर दहा साइटच्या जागी अठरा लागतात, किंवा अठराच्या जागी दहाच टाकून मोकळे होतो.

तपासा: टार्गेट देणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. एज का एरिया, घरात का बाहेर, आणि कुठल्या थ्रेशोल्डला. ‘तेच हो, नेहमीचं’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या ग्रामीण भागात नुसतं एरिया टार्गेट घेणं धोक्याचं आहे. एरियाचा फॉर्म्युला असं धरतो की लोक सगळ्या सेलभर सारखे पसरलेत. मराठवाड्यात तसं नसतं, वस्ती गावठाणात एकवटलेली आणि बाकी शेतं. ते गावठाण नेमकं सेलच्या काठाला आलं तर कागदावर ९५ आणि गावात त्याहून कमी. सहाव्या टप्प्यात याचं गणित आहे.

## २. सिग्मा ड्राइव्ह टेस्टमधून काढा, पुस्तकातून उचलू नका

साइटपासून सारख्याच अंतरावर दहा ठिकाणी मोजलं तर दहा वेगळे आकडे येतात, कारण कुठे टेकाड आडवं येतं, कुठे चिंचेची रांग, कुठे जिनिंगचं गोडाऊन. हेच शॅडोइंग. सरासरीभोवतीचा हा पसारा डीबीमध्ये साधारण नॉर्मल वितरणासारखा असतो आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सिग्मा. अख्खं मार्जिन सिग्माच्या पटीत येतं, त्यामुळे सिग्मा चुकला की सगळं त्याच प्रमाणात चुकलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सिग्मा नुसता त्या जागेचा गुण नाही, तो *तुमच्या मॉडेलची चूक* पण आहे. मॉडेल जितकं ढोबळ तितका सिग्मा मोठा, क्लटरप्रमाणे, म्हणजे घरं-झाडं-शेतं यांच्याप्रमाणे, आणि टेरेनप्रमाणे ट्यून केलेलं मॉडेल असेल तर त्याच रस्त्यावर सिग्मा लहान येतो. म्हणून ज्या मॉडेलने त्रिज्या काढणार आहात त्याच मॉडेलचा सिग्मा वापरायचा. ट्यून केलेल्या मॉडेलचा छोटा सिग्मा उचलून ढोबळ फॉर्म्युल्याला लावणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती पकडणं अवघड, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर दिसतात.

काढायची रीत अशी. आधी मोजमापातलं फास्ट फेडिंग, म्हणजे थोड्याच सेंटीमीटरवर होणारे झपाट्याचे चढउतार, सरासरी करून काढून टाका. प्रचलित नियम म्हणजे साधारण ४० वेव्हलेंग्थच्या लांबीवर सरासरी, ९०० मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ ३३ सेंटीमीटर म्हणून ती लांबी येते १३ मीटरच्या आसपास. गाडी ताशी ४० ला असेल तर १३ मीटर सव्वा सेकंदात संपतात आणि तेवढ्यात ३५-४० सँपल पाहिजेत, त्यामुळे हे काम स्कॅनरचं आहे. साध्या हँडसेटने करत असाल तर उघड्या माळावर बिन, म्हणजे सरासरी काढायचा एक तुकडा, ३०-५० मीटरचा घेतला तरी चालतं, कारण तिथे शॅडोइंग हळू बदलतं, पण गावठाणाच्या गल्लीत तेवढा मोठा बिन घेऊ नका. आणि सरासरी मिलिवॅटमध्ये करून मग डीबीएममध्ये आणा, थेट डीबीची सरासरी काढली तर आकडा खाली सरकतो.

मग प्रत्येक बिनचा पाथ लॉस आणि अंतराचा लॉग यांच्यात सरळ रेष बसवा. रेषेचा उतार भागिले १० म्हणजे पाथ लॉस एक्सपोनंट, आणि रेषेपासून प्रत्येक बिनचा जो फरक उरतो त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सिग्मा. टॉवरच्या अगदी जवळचे बिन आणि अँटेनाच्या मेन बीमच्या बाहेरचे बिन आधीच काढून टाका, नाहीतर अँटेनाच्या पॅटर्नचा परिणाम शॅडोइंग म्हणून मोजला जातो.

आपल्या उदाहरणात समजा एक्सपोनंट ३.५ आला, १ किलोमीटरला सरासरी लॉस ११० डीबी, आणि सिग्मा ७.५ डीबी.

सावध: जिथे फोनचं नेटवर्कच गेलं तिथे लॉगमध्ये काही नोंदच होत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट सँपल गायब, सिग्मा खोटा लहान, रेषेचा उतार पण खोटा सौम्य. लॉगच्या नकाशावर रस्त्यात रिकामे तुकडे दिसले तर हेच झालंय असं समजा. उपाय म्हणजे जास्त सेन्सिटिव्ह स्कॅनर, किंवा रिकामे तुकडे सुरू होतात त्या अंतराच्या अलीकडचाच डेटा रेषेसाठी घेणं.

तपासा: पाथ लॉस रेषेपेक्षा जास्त असेल तिथे फरक उणे धरून फरकांचा हिस्टोग्राम काढा आणि खालून दहाव्या टक्क्यावरचा फरक बघा. वितरण नॉर्मल असेल तर तो उणे १.२८ सिग्माच्या जवळ पाहिजे, म्हणजे इथे उणे ९.६. घाटाच्या बाजूला बऱ्याचदा तो उणे १२-१३ निघतो, कारण टेकडीच्या मागचे बिन वेगळेच कळप करून बसतात. असं दिसलं तर एकच सिग्मा सगळीकडे लावू नका, टेकडीमागचा भाग वेगळा काढा. तिथे मार्जिन वाढवून काही होत नाही, तिथे दुसरी साइट लागते.

अजून एक, ड्राइव्ह टेस्ट कुठल्या महिन्यात केली ते लिहून ठेवा. एप्रिल-मे मध्ये उसाचे फड मोकळे असतात, झाडांची पानं गळालेली असतात. तोच रस्ता सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या वर उसात असतो. हा फरक सगळीकडे एकाच दिशेने पडतो, म्हणून तो सरासरीत घालायचा असतो, सिग्मात नाही. जमलं तर टेस्टच पीक उभं असताना करा.

## ३. घराचा पसारा मिळवा, पण वर्ग करून

टार्गेट घरातलं आहे, म्हणून भिंतीचा लॉस आला. समजा तो सरासरी १२ डीबी आणि त्याचा पसारा ४ डीबी. सरासरीचे १२ डीबी लिंक बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत वजा होतात. पसाऱ्याचे ४ डीबी मात्र सिग्मात मिसळतात, आणि ते असे:

```
sigma = sqrt(7.5^2 + 4^2) = sqrt(56.25 + 16) = 8.5 dB
```

सरळ ७.५ अधिक ४ करून ११.५ घेणारे पण आहेत. त्याने ९५ टक्के एजचं मार्जिन १४ च्या जागी १९ डीबी होतं, म्हणजे पाच डीबी फुकट गेले. बाहेरची सावली आणि घराची भिंत एकाच वेळी दोन्ही सगळ्यात वाईट असणं क्वचित घडतं, म्हणून वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं. उलट चूक पण होते, घराचं टार्गेट असताना सिग्मा ७.५ चाच ठेवतात, त्याने मार्जिन कमी पडतं.

## ४. एज टार्गेटवरून मार्जिन

हा टप्पा सोपा आहे. मार्जिन म्हणजे सिग्मा गुणिले झेड, आणि झेड नॉर्मल वितरणाच्या तक्त्यातून.

| एजला हवी ती शक्यता | झेड | सिग्मा ८.५ असताना मार्जिन |
|---|---|---|
| ५० % | ० | ० डीबी |
| ७५ % | ०.६७ | ५.७ डीबी |
| ९० % | १.२८ | १०.९ डीबी |
| ९५ % | १.६४५ | १४.० डीबी |

पहिली ओळ मुद्दाम ठेवलीय. मार्जिन शून्य म्हणजे काठावर निम्म्या जागी सिग्नल नाही. प्लॅनिंग टूलचा रंगीत नकाशा मार्जिन न घालता काढला तर तो नेमकं हेच दाखवत असतो, आणि रंग हिरवा दिसतोय म्हणून लोक खूश होतात.

सावध: झेड एका बाजूचा घ्यायचा. ९५ टक्क्याला १.९६ घेतलं असेल तर तुम्ही दोन बाजूंचा तक्ता बघताय. सिग्नल जास्त चांगला आला तर आपली तक्रार नसते, आपल्याला फक्त खालची शेपटी मोजायची आहे.

## ५. एरिया टार्गेट असेल तर आधी एजवर आणा

इथे नुसता झेडचा तक्ता चालत नाही, कारण साइटजवळचा भाग किती वेगाने चांगला होतो ते एक्सपोनंटवर अवलंबून असतं. गोल सेल, सारखी पसरलेली वस्ती आणि सरळ रेषेचं मॉडेल धरून याचा ठरलेला फॉर्म्युला आहे, मोबाइल रेडिओच्या पुस्तकांत तो सगळीकडे सापडतो. हातानं करायची गरज नाही, एवढा कोड पुरे:

```python
from math import erf, erfc, exp, sqrt, log10, e

def area(M, s, n):
    a = M / (s * sqrt(2))
    b = 10 * n * log10(e) / (s * sqrt(2))
    return 0.5 * (1 + erf(a)
        + exp((1 + 2*a*b) / b**2) * erfc((1 + a*b) / b))

def margin(target, s, n):
    M = 0.0
    while area(M, s, n) < target:
        M += 0.01
    return M

print(round(margin(0.95, 8.5, 3.5), 1))
```

यात `s` म्हणजे सिग्मा, `n` म्हणजे एक्सपोनंट, `M` म्हणजे काठावरचं मार्जिन. उत्तर ९.४ डीबी येतं. ९.४ ला ८.५ ने भागलं की झेड १.१०६, म्हणजे काठावर ८६.६ टक्के.

तपासा: कोड नीट उतरवलाय का ते बघायला दोन आकडे लक्षात ठेवा. याच सिग्मा आणि एक्सपोनंटला मार्जिन शून्य दिलं तर एरिया साधारण ७५ टक्के आला पाहिजे, आणि मार्जिन ६ दिलं तर ९० टक्के. तुमचा आकडा एकाच्या वर गेला किंवा मार्जिन वाढवल्यावर कमी व्हायला लागला तर `a` ची खूण उलटी झालीय. काही पुस्तकांत `a` ऋण धरून लिहिलेला असतो, दोन्ही पद्धती मिसळल्या की हे होतं.

आणि दुसऱ्याच्या तक्त्यातून ‘७५ टक्के एज म्हणजे ९० टक्के एरिया’ असं उचलत असाल तर तो कुठल्या सिग्माला आणि एक्सपोनंटला आहे ते बघा. आपल्या आकड्यांना ते जवळपास जुळतं, पण सिग्मा ११ असलेल्या घाटातल्या भागात जुळेलच असं नाही.

## ६. लिंक बजेटमध्ये एकदाच वजा करा, मग त्रिज्या

आता उदाहरण पूर्ण करू. प्रत्येक पोर्टला २० वॅट म्हणजे ४३ डीबीएम. ५ मेगाहर्ट्झच्या एलटीईत ३०० सबकॅरिअर, म्हणून एका सबकॅरिअरला ४३ उणे २४.८ म्हणजे १८.२ डीबीएम. अँटेना गेन १६, केबल-कनेक्टरचा लॉस १, म्हणजे बाहेर पडतात ३३.२ डीबीएम. मोबाइलला हवं आरएसआरपी उणे ११२, शरीराचा लॉस ३, घराचा सरासरी लॉस १२.

```
33.2 + 112 - 3 - 12       = 130.2 dB
130.2 - 9.4  (area 95%)   = 120.8 dB
130.2 - 14.0 (edge 95%)   = 116.2 dB

R = 10^((L - 110) / 35)
L = 120.8  ->  R = 2.0 km
L = 116.2  ->  R = 1.5 km
```

मार्जिनच घातलं नसतं तर त्रिज्या ३.८ किलोमीटर आली असती. तोच तो हिरवा नकाशा.

हे डाउनलिंकचं झालं. अपलिंकचं लिंक बजेट वेगळं मांडा आणि दोघांत जो चालू शकणारा लॉस कमी येईल त्यावर त्रिज्या ठरवा, फोनची ताकद कमी असते त्यामुळे बऱ्याचदा अपलिंकच आधी संपतं. मार्जिन दोन्हीकडे तेच, कारण टेकाड दोन्ही दिशांना तेच आहे.

सावध: मार्जिन दोनदा वजा होतं ही कायमची भानगड. टूलमध्ये ९५ टक्के कव्हरेज प्रोबॅबिलिटी सेट केलेली असते, म्हणजे ते आतल्या आत मार्जिन घालतंय, आणि वर माणूस शीटमधून थ्रेशोल्डच १० डीबीने वाढवून देतो. मग सेल अर्ध्याहून लहान होतो आणि कुणाला कळत नाही का ते. तसंच फास्ट फेडिंगसाठी वेगळे ४-५ डीबी घालू नका, थ्रेशोल्ड ठरवताना ते धरलेलं असतंच. इंटरफेरन्स मार्जिन मात्र वेगळी गोष्ट आहे, नेटवर्क भरलेलं असेल तर तिची ओळ वेगळी ठेवा.

आता गावठाणाचं बघू. समजा गाव टॉवरपासून १.८ किलोमीटरवर आहे आणि आपण एरिया टार्गेट धरून २.० किलोमीटरचा सेल काढलाय. गावापाशी सरासरी लॉस:

```
110 + 35 * log10(1.8) = 118.9 dB
130.2 - 118.9         = 11.3 dB
11.3 / 8.5            = 1.33  ->  91%
```

सेलचा रिपोर्ट ९५ म्हणतो, पण जिथे माणसं राहतात तिथे ९१. गावातच ९५ हवं तर मार्जिन १४ पाहिजे, म्हणजे २.७ डीबी कमी पडतात. हे २.७ डीबी कुठून आणायचे, अँटेना वर घेऊन, जास्त गेनची अँटेना लावून का टॉवरची जागा गावाकडे सरकवून, हा निर्णय टॉवर उभा राहायच्या आधी घेता येतो, नंतर नाही. म्हणून माझा आग्रह असा की साइटच्या आसपासची सगळी गावठाणं अंतरासकट एका यादीत लिहा आणि प्रत्येकासाठी वरच्या तीन ओळी करा. एरियाचा आकडा वर पाठवायला ठेवा, पण जागा गावांच्या यादीवरून ठरवा.

शेजारच्या साइटमुळे मार्जिन कमी घेता येतं असं पण ऐकाल. खरं आहे, एक साइट सावलीत गेली तर दुसरी सापडते, आणि शहरात जिथे काठावर दोन-तीन सेल सारख्या ताकदीने येतात तिथे काही डीबी वाचतात. पण पठारावरच्या एकट्या साइटला दुसरी बाजूच नसते. आणि दोन साइट असल्या तरी मोबाइलच्या शेजारचंच घर किंवा टेकाड दोन्हींना आडवं येतं, त्यामुळे पूर्ण फायदा कधीच मिळत नाही. काठावर दुसऱ्या सेलचा सिग्नल पहिल्याच्या ३-४ डीबीच्या आत मोजून दिसला तरच हा फायदा धरा.

## ७. साइट लागल्यावर पडताळणी

बहुतेक जण इथे गाडी घेऊन एक चक्कर मारतात, -११२ च्या वर किती टक्के ते मोजतात, ९९ आलं की पास. ते चूक आहे, कारण गाडीच्या टपावर अँटेना लावून मोजताना मधे घराची भिंत पण नाही आणि शरीर पण नाही. रस्त्यावर मोजताना थ्रेशोल्ड १५ डीबीने वर घ्यायचा, म्हणजे उणे ९७.

आणि अपेक्षित टक्के पण बदलतात. रस्त्यावर सिग्मा ८.५ नाही, ७.५ आहे. ९.४ भागिले ७.५ म्हणजे १.२५, म्हणून २ किलोमीटरच्या काठावर उणे ९७ च्या वर ८९-९० टक्के बिन यायला पाहिजेत, तेव्हा कुठे घरात ८६.६ पडतील. रस्त्यावर ८६-८७ आले आणि ‘जुळलं की’ म्हणून सोडून दिलं तर घरात कमी पडणार.

पण टक्क्यांवर फार विसंबू नका, आणि याचं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लॉगमध्ये हजारो सँपल असतात म्हणून वाटतं की आकडा पक्का आहे. शॅडोइंग मात्र जवळजवळच्या जागी सारखंच असतं. गुडमुंडसन यांच्या १९९१ च्या प्रसिद्ध अभ्यासात ९०० मेगाहर्ट्झवर उपनगरी भागात १०० मीटर अंतरावरच्या दोन जागांमधला सहसंबंध ०.८२ निघाला होता. त्या हिशेबाने एकमेकांपासून खऱ्या अर्थाने वेगळी सँपल हवी असतील तर ५०० मीटरच्या आसपास अंतर लागतं. आपल्या २ किलोमीटरच्या काठाचा घेर होतो साधारण साडेबारा किलोमीटर, म्हणजे पूर्ण घेर फिरलात तरी हाताशी खरी २५ सँपल. पंचवीस सँपलवर ९० टक्क्याचा अंदाज साधारण सहा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. ८४ आले काय आणि ९५ आले काय, एका साइटवरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय शेतातून गाडी जात नाही, म्हणजे पूर्ण घेर कधी मिळतच नाही.

म्हणून या क्रमाने तपासा. पहिलं, काठावरच्या बिनचं मधलं मूल्य. आपल्या हिशेबाने ३३.२ उणे १२०.८ म्हणजे उणे ८७.६ डीबीएम यायला पाहिजे. ते दोन-तीन डीबीपेक्षा जास्त खाली असेल तर भानगड मार्जिनची नाही, पॉवर, टिल्ट, केबल किंवा मॉडेलची आहे, आधी ते बघा. दुसरं, फरकांचा सिग्मा पुन्हा काढा. मधलं मूल्य बरोबर आणि सिग्मा ७.५ च्या जागी ९ निघाला तर मात्र मार्जिनच कमी धरलं होतं. सिग्मा ९ आणि घराचे ४ मिळून ९.८ होतात, आणि मग ९५ टक्के एजला १४ नाही, १६ डीबी लागतात. तिसरं, टक्के. तेही एका साइटचे नाही, सारख्या टेरेनच्या पाच-सहा साइटचे एकत्र करून.

पठारावरच्या साइटचा डेटा आणि घाटाखालच्या साइटचा डेटा मात्र एकत्र करू नका. दोन्हींची सरासरी वेगळी असते, एकत्र केलं की तो सरासरीतला फरकच सिग्मा म्हणून मोजला जातो. मग पठारावर उगाच जास्त मार्जिन लागतं आणि घाटाखाली तरीही कमी पडतं. प्रत्येक टेरेनची स्वतःची रेष, स्वतःचा सिग्मा आणि शीटमध्ये त्याची स्वतःची ओळ ठेवा, आणि त्या ओळीसमोर आकडा कुठल्या महिन्याच्या, कुठल्या रस्त्यांच्या डेटावरून आला ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तो ८ किंवा १० कुठून आला असं विचारत बसावं लागणार नाही.